विश्लेषण : आगीचा भोंगा वाजला, पण बिघडलेला डिटेक्टर कोणता? अ‍ॅड्रेसेबल पॅनेल तो नेमका कसा शोधते?

रुग्णालयात, हॉटेलात किंवा मोठ्या कार्यालयात रात्री-अपरात्री आगीचा हुटर वाजतो. सगळे धावतात, पण धूर कुठेच नसतो. दोन दिवसांनी पुन्हा तेच होते. तिसऱ्या खेपेला कोणी तरी वैतागून पॅनेलवरचा तो झोनच बंद करून ठेवते आणि मजला शांत होतो. धोका सुरू होतो तो इथून. कारण बिघाड एका डिटेक्टरमध्ये असतो आणि बंद होतात त्याच्यासोबतचे पंधरा-वीस. बिघडलेला डिटेक्टर वेळेत सापडणे म्हणूनच महत्त्वाचे. जुन्या पद्धतीच्या झोन पॅनेलला तो का सापडत नाही, अ‍ॅड्रेसेबल पॅनेलला कसा सापडतो आणि तेही कुठे चकते, याचा हा आढावा.

झोन पॅनेलला नेमके काय दिसते?

जुन्या, म्हणजे ‘कन्व्हेन्शनल’ पद्धतीत इमारतीचे भाग पाडलेले असतात. एक मजला किंवा मजल्याचा एक भाग म्हणजे एक झोन. पॅनेलमधून प्रत्येक झोनसाठी दोन तारांची एक जोडी निघते आणि त्या जोडीवर साधारण वीसपर्यंत डिटेक्टर एकापुढे एक जोडलेले असतात. शेवटच्या डिटेक्टरनंतर एक छोटा रेझिस्टर बसवतात. त्याला ‘एंड ऑफ लाइन’ रेझिस्टर म्हणतात.

पॅनेल या तारांवर साधारण २४ व्होल्ट दाब देते आणि किती विद्युतप्रवाह वाहतो, एवढेच पाहते. शेवटचा रेझिस्टर ४.७ किलोओहमचा असेल तर त्यातून सुमारे ५ मिलिअँपिअर प्रवाह सतत जात राहतो. शांत बसलेले डिटेक्टर फार थोडा प्रवाह घेतात. धूर जाणवला की तो डिटेक्टर दोन तारांमध्ये एक कमी रोधाची वाट उघडतो आणि प्रवाह काही दशक मिलिअँपिअरपर्यंत चढतो. पॅनेल त्याला आग समजते. तार तुटली तर रेझिस्टरपर्यंतची वाटच बंद होते, प्रवाह जवळजवळ शून्यावर येतो आणि ‘फॉल्ट’चा पिवळा दिवा लागतो. दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर प्रवाह त्याहून कितीतरी वाढतो. पॅनेल तोही बिघाड मानते. नेमके आकडे कंपनीगणिक बदलतात, पण रीत हीच.

वीस डिटेक्टर असले तरी पॅनेलच्या हाती येतो तो पूर्ण तारेचा मिळून एकच प्रवाह. तो सातव्या डिटेक्टरने वाढवला की सतराव्याने, हे त्या आकड्यात कुठेच लिहिलेले नसते. त्यामुळे पॅनेल ‘झोन ३’ इतकेच सांगू शकते. हा त्या पॅनेलचा दोष नव्हे. तारेतून जेवढी माहिती येते तेवढीच ते दाखवते.

मग झोनमधला डिटेक्टर शोधतात कसा?

खुणेसाठी प्रत्येक डिटेक्टरवर एक लाल दिवा असतो. इशारा देणाऱ्या डिटेक्टरचा दिवा लागलेलाच राहतो. म्हणून पहिला नियम असा की रीसेटचे बटण दाबण्याआधी मजल्यावर फेरी मारून तो दिवा पाहायचा. आवाज बंद करण्याचे बटण वेगळे असते आणि ते दाबले तरी दिवा जात नाही. रीसेट केल्यावर मात्र पॅनेल त्या झोनचा वीजपुरवठा क्षणभर तोडते, डिटेक्टर पूर्वपदावर येतो आणि दिवा विझतो. एकुलता एक पुरावा तिथेच पुसला जातो. हुटर वाजल्यावर घाईने आधी रीसेट दाबला गेला, तर पुढचा सगळा शोध अंदाजावर चालतो.

दिवा दिसण्यातही अडचणी असतात. कुलूपबंद खोली, लिफ्टची मशीन रूम, फॉल्स सीलिंगच्या वरची पोकळी इथले डिटेक्टर खालून दिसत नाहीत. त्यासाठी दाराबाहेर किंवा सीलिंगखाली वेगळा छोटा सूचक दिवा बसवतात. त्याला ‘रिस्पॉन्स इंडिकेटर’ म्हणतात. तो नसेल किंवा जळलेला असेल तर दारे उघडून पाहण्यावाचून इलाज नाही.

बिघाड तार तुटल्याचा असेल तर काम थोडे सोपे असते. कारण तो बिघाड पळून जात नाही. तंत्रज्ञ झोनच्या मधोमधच्या दहाव्या डिटेक्टरच्या बेसवर मीटर लावतो. तिथे २४ व्होल्ट मिळाले तर तुटलेली जागा पुढच्या अर्ध्यात आहे, नाही मिळाले तर मागच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचे पुन्हा अर्धे. अशा रीतीने वीस डिटेक्टरांच्या तारेत पाच तपासण्यांत तुटलेला तुकडा हाती लागतो. मात्र प्रत्येक तपासणीसाठी शिडी लावायची आणि छताशी हात घालायचा. शिवाय दुरुस्ती होईपर्यंत तुटलेल्या जागेच्या पलीकडचे सगळे डिटेक्टर मुके असतात. अनेक जुन्या बेसमध्ये तार डिटेक्टरच्या संपर्कातूनच पुढे जाते. त्यामुळे एक डिटेक्टर काढून नेला तरी त्याच्या पुढची रांग बंद पडते.

सर्वांत त्रासदायक ठरतो तो अधूनमधून उगीच वाजणारा डिटेक्टर. तंत्रज्ञ येतो तेव्हा तो गप्प असतो. मीटरला काही सापडत नाही. मग झोनमधले वीसही डिटेक्टर उतरवून साफ करायचे किंवा संशयित डिटेक्टर दुसऱ्या झोनमध्ये लावून बिघाड त्याच्याबरोबर जातो का ते पाहत बसायचे, एवढेच उरते. या वाट पाहण्यातच झोन बंद करून ठेवण्याचा मोह होतो.

अ‍ॅड्रेसेबल पॅनेल वेगळे काय करते?

इथे प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा क्रमांक, म्हणजे ‘अ‍ॅड्रेस’ असतो. तारा इथेही दोनच असतात, पण त्या पॅनेलमधून निघून सगळ्या डिटेक्टरांना भेट देत पुन्हा पॅनेलमध्ये परततात. या फेरीला ‘लूप’ म्हणतात. एका लूपवर शंभर-सव्वाशे किंवा त्याहून जास्त उपकरणे बसतात. त्याच तारांवरून वीजही जाते आणि संदेशही. पॅनेल तारेतल्या दाबात झटपट बदल करून एकेका क्रमांकाला हाक मारते आणि त्याच क्रमांकाचा डिटेक्टर उत्तर देतो. शाळेतल्या हजेरीसारखाच हा प्रकार. पूर्ण लूपची हजेरी काही सेकंदांत संपते आणि लगेच पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

उत्तर आलेच नाही तर पॅनेल दोन-तीनदा हाक मारून पाहते आणि मग पडद्यावर असे काहीसे दाखवते :

```
FAULT   LOOP 1   ADDR 041
NO RESPONSE
3RD FLOOR LINEN STORE
```

तिसऱ्या मजल्यावरच्या चादरींच्या खोलीतला ४१ क्रमांकाचा डिटेक्टर हजर नाही, इतका नेमका निरोप इथे मिळतो. कोणी डिटेक्टर काढून नेला, त्याच्या आतले सर्किट जळले किंवा बेसमधली तार सुटली, तरी पॅनेल त्याच क्रमांकाकडे बोट दाखवते. बाकीचे चालू राहतात.

मात्र हजेरीपेक्षा मोलाची गोष्ट दुसरीच आहे. आज बसवल्या जाणाऱ्या बहुतेक अ‍ॅड्रेसेबल प्रणालींमध्ये डिटेक्टर नुसते ‘हजर’ म्हणत नाही, तर या क्षणी त्याला किती धूर जाणवतो आहे याचा एक आकडा कळवतो. उदाहरणार्थ, जगभर वापरल्या जाणाऱ्या एका ब्रिटिश प्रणालीत स्वच्छ हवेतला आकडा २५ च्या आसपास असतो. तो ४५ वर गेला की पूर्वसूचना आणि ५५ वर गेला की आगीचा इशारा. आकडा ८ च्या खाली घसरला तर डिटेक्टरच बिघडला, असे मानले जाते. इशारा द्यायचा की नाही हे अशा प्रणालीत डिटेक्टर नव्हे, पॅनेल ठरवते.

हा आकडा बिघाड कसा उघड करतो?

त्यासाठी धुराचा डिटेक्टर आतून कसा असतो ते पाहावे लागेल. प्रचलित ऑप्टिकल डिटेक्टरमध्ये एक काळी, अंधारी पोकळी असते. तिच्यात एक इन्फ्रारेड दिवा आणि एक प्रकाशसंवेदक असे बसवलेले असतात की दिव्याचा उजेड थेट संवेदकावर पडत नाही. पोकळीत धुराचे कण शिरले की उजेड विखुरतो, त्यातला थोडा संवेदकावर पडतो आणि आकडा वाढतो. पण पोकळीच्या भिंतींवर बसलेली धूळही उजेड विखुरते. त्यामुळे धूळ साचत गेली की धूर नसतानाही आकडा हळूहळू चढतो. डिटेक्टर जास्तच हळवा होतो आणि एके दिवशी उदबत्तीच्या धुरानेही वाजतो. झोन पॅनेलच्या डिटेक्टरमध्येही हेच घडते. फरक एवढाच की तिथे हा चढ वाजेपर्यंत कुणाला दिसत नाही.

समजा, एका चार मजली रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर वरच्या प्रणालीचे २० डिटेक्टर आहेत आणि अवघ्या आठ दिवसांत तिथे दोनदा खोटा इशारा आला. तंत्रज्ञ पॅनेलवर त्या २० जणांचे आकडे काढतो. एकोणीस आकडे २४ ते २७ च्या दरम्यान आहेत, ३७ क्रमांकाचा आकडा मात्र ४२ आहे. बाकीचे २५ वरून ५५ वर जायला ३० अंक चढतील, तेव्हा वाजतील. या डिटेक्टरला १३ अंकच पुरेत. शिडी एकाच ठिकाणी लावावी लागते.

आकड्याची चाल बिघाडाचे कारणही सुचवते. महिनोन्‌महिने सावकाश चढलेला आकडा धुळीचा असतो. एरवी २५ वर स्थिर असणारा आणि रोज सकाळी ठरावीक वेळी उसळणारा आकडा गरम पाण्याच्या वाफेचा किंवा स्वयंपाकाचा असण्याची शक्यता जास्त. तिथे डिटेक्टर बदलून काही साधणार नाही. त्याची जागा किंवा त्याचा प्रकार बदलावा लागेल. क्वचित कधी तरी अचानक उडी मारणाऱ्या आकड्यामागे पोकळीत शिरलेला किडा किंवा सैल झालेली जोडणी असते. पॅनेलच्या नोंदवहीत प्रत्येक घटना तारीख-वेळेसह साठलेली असते. त्यामुळे इथे रीसेट दाबला तरी पुरावा जात नाही. मध्यरात्री वाजून गप्प बसलेला डिटेक्टर दुसऱ्या दिवशी सकाळीही ओळखता येतो.

बरीच पॅनेल धुळीची भरपाई आपणहून करतात. एखाद्याचा स्वच्छ हवेतला आकडा काही आठवड्यांत २५ वरून ३५ वर सरकला, तर पॅनेल त्याची इशाऱ्याची मर्यादाही ५५ वरून ६५ वर नेते. मधले ३० अंकांचे अंतर कायम राहते. हा बदल फार संथ ठेवलेला असतो, म्हणजे धुमसणाऱ्या आगीचा धूर धूळ समजला जाऊ नये. भरपाईची सीमा गाठली की पॅनेल देखभालीची सूचना देते. ती दिसूनही डिटेक्टर साफ केला नाही, तर खोटे इशारे फार दूर नसतात. वरच्या रुग्णालयातल्या ३७ क्रमांकाबाबत अशी भरपाई सुरू नव्हती, असे धरले आहे. ती सुरू असलेल्या पॅनेलवर मूळ आकडा आणि भरपाईनंतरचा आकडा वेगवेगळे असतात. तंत्रज्ञाने मूळ आकडा पाहायला हवा.

तारच तुटली किंवा चिकटली तर?

इथे लूपचा उपयोग होतो. समजा लूपवर ६० उपकरणे क्रमाने आहेत आणि ४१ व ४२ च्या मधली तार उंदराने कुरतडली. पॅनेल लूपच्या दोन्ही टोकांकडून वीज आणि हाक देते. एका टोकाकडून १ ते ४१ उत्तर देतात, दुसऱ्याकडून ६० ते ४२. एकही डिटेक्टर बंद पडत नाही. फक्त लूप तुटल्याची सूचना येते. पॅनेलने जागा सांगितली नाही तरी तंत्रज्ञ लूपचे एक टोक पॅनेलपाशी सोडवतो. त्याबरोबर जे क्रमांक मुके होतात त्यातला पहिला ४२ असतो. म्हणजे तुटलेली तार ४१ आणि ४२ च्या दरम्यान.

दोन तारा चिकटल्या तर मात्र सबंध लूपचा दाब कोसळू शकतो. म्हणून ठरावीक अंतरावर ‘आयसोलेटर’ बसवतात. बिघाड जाणवताच त्याच्या दोन्ही बाजूंचे आयसोलेटर उघडतात आणि मधला तुकडा वेगळा पडतो. आयसोलेटर २० आणि ४० क्रमांकांपाशी असतील, तर २१ ते ३९ हे एकोणीस डिटेक्टर गैरहजर दिसतील. ही यादीच सांगते की बिघाड कोणत्या तुकड्यात आहे. आयसोलेटर जितके जवळ, तितका तुकडा लहान. पैसे वाचवायला ते कमी बसवले की एकाच बिघाडात मजले मुके होतात.

अ‍ॅड्रेसेबल पॅनेल कुठे फसते?

पॅनेलला क्रमांक कळतो, खोली कळत नाही. क्रमांकापुढचे खोलीचे नाव माणसाने टाइप केलेले असते. मधल्या काळात भिंत पाडली, वॉर्डाचे कार्यालय झाले आणि नाव तेच राहिले, तर पॅनेल आत्मविश्वासाने चुकीची खोली सांगते.

दुसरी चूक साफसफाईत होते. काही प्रणालींत क्रमांक डिटेक्टरच्या पाठीवरच्या फिरत्या चकत्यांनी लावतात, काहींत बेसमध्ये बसवलेल्या कार्डावर तो असतो. कार्ड असेल तर डिटेक्टर अदलाबदल झाले तरी क्रमांक जागीच राहतो. चकत्या असतील तर क्रमांक डिटेक्टरबरोबर प्रवास करतो. दहा डिटेक्टर एकदम उतरवून साफ केले आणि परत लावताना दोघांची अदलाबदल झाली, तर सगळे हजर असतात, पॅनेल हिरवे असते आणि ऑपरेशन थिएटरचा इशारा स्टोअररूमच्या नावाने येतो. ही चूक पॅनेलवर बसून दिसत नाही. एकाने प्रत्येक डिटेक्टरखाली चाचणीचा धूर फवारायचा आणि दुसऱ्याने पॅनेलवर उमटलेले नाव फोनवर वाचून दाखवायचे, हाच उपाय. दोन डिटेक्टरांना चुकून एकच क्रमांक लागला तर दोघे एकाच वेळी बोलतात आणि उत्तर गोंधळते. चांगली पॅनेल ही चूक वेगळी दाखवतात.

तिसरी मर्यादा म्हणजे ‘अर्थ फॉल्ट’. ओलाव्याने किंवा सोललेल्या केबलने तारेचा इमारतीच्या धातूशी संपर्क आला, तर बहुतेक अ‍ॅड्रेसेबल पॅनेलही बिघाड आहे इतकेच सांगतात, जागा सांगत नाहीत. तिथे लूपचे तुकडे सोडवत शोध घ्यायची जुनीच रीत कामी येते.

पडद्यावरची जागा वाचणाऱ्याला कळली नाही तर काय होते, याचे ठळक उदाहरण पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलचे आहे. १५ एप्रिल २०१९ च्या संध्याकाळी तिथल्या यंत्रणेने आगीचा इशारा वेळेत दिला होता. पण पाहायला गेलेला रक्षक मुख्य छताखालच्या लाकडी माळ्याऐवजी शेजारच्या लहान इमारतीच्या माळ्यावर पोहोचला. तिथे काहीच नव्हते. आग खरी कुठे आहे हे लक्षात येईपर्यंत सुमारे अर्धा तास गेला होता. यंत्राने ओळखलेली जागा माणसापर्यंत सोप्या शब्दांत पोहोचली नाही, तर तिचा उपयोग उरत नाही.

मग जुनी पॅनेल काढून टाकायची का?

दहा-बारा डिटेक्टर असलेल्या दुकानाला किंवा लहान कार्यालयाला दोन झोनचे स्वस्त पॅनेल पुरते. तिथे झोन म्हणजे दोन-तीन खोल्या, आणि लाल दिवा शोधायला एक मिनिट लागते. खोल्या बंद, डिटेक्टर शेकडो आणि माणसांना झटपट हलवणे अवघड असेल, तिथे हिशेब बदलतो. झोन पॅनेलवर एक डिटेक्टर गप्प करायचा तर सहसा झोन गप्प करावा लागतो. अ‍ॅड्रेसेबल पॅनेलवर ३७ क्रमांक तेवढा बंद ठेवून उरलेले १९ जागे ठेवता येतात. अर्थात तोही परत सुरू करायची आठवण कुणी तरी ठेवावी लागते.

महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार इमारतीच्या मालकाला किंवा भोगवटादाराला अग्निसुरक्षेची यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. त्या वेळी अ‍ॅड्रेसेबल पॅनेल असलेल्या इमारतीत तीन गोष्टी मागून घेता येतात : सर्व डिटेक्टरांच्या आकड्यांची यादी, गेल्या सहा महिन्यांची घटनांची नोंद आणि सध्या बंद ठेवलेल्या क्रमांकांची यादी. पहिलीतून पुढचा खोटा इशारा कुठून येणार ते दिसते, दुसरीतून मागचा कुठून आला ते. तिसरी यादी सर्वांत आधी वाचायची. ती रिकामी नसेल, तर प्रत्येक क्रमांकापुढे तो कोणी, कधी आणि का बंद केला, हे लिहून घ्यायचे. झोन पॅनेल असेल तर ‘डिसेबल्ड’चा पिवळा दिवा लागलेला आहे का, एवढे पाहिले तरी कळते की त्या मजल्यावर आज रात्री पहारा आहे की नाही.